लघुकथा : चार मीटर दांडीवर एक संत्रं

इतवारीकर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा काहीतरी लिहून टाकते आहे. माझं सगळं बालपण इतवारीत गेलं, वडलांचं डाळी-कडधान्याचं दुकान. भाचीशी फोनवर झालेल्या गप्पांतून ही कथा सुचली. यातले आकडे मी कागदावर करून पाहिलेत. तरी चूक सापडली तर सांगा, लाजू नका.

रात्रीचा एक वाजला होता. जर्मनीतल्या त्या वोनहाइमच्या, म्हणजे वसतिगृहाच्या, सामाईक स्वयंपाकघरात ऋतुजा एकटीच बसली होती. खोलीतला दिवा पिवळट होता, त्यात फोटो धड येत नसे. इथल्या ट्यूबलाइटखाली कागद कसा स्वच्छ दिसायचा. कोणीतरी तशीच ठेवलेली कढई बाजूला सारून तिने गृहपाठाचा कागद ओट्यावर पसरला, चारी कोपऱ्यांवर चमचे ठेवले आणि फोन वर धरला.

ऑक्टोबरात ती सगळं स्वतः सोडवायची. मग संध्याकाळचं कँटीनमधलं काम आलं, भाषेचा वर्ग आला आणि दर सोमवारी द्यायचा गृहपाठ रविवारी रात्री एकवर येऊन ठेपला. फोटो काढला की अॅप पायऱ्यांसकट उत्तर द्यायचं. तिने फक्त उतरवून घ्यायचं. मागच्या आठवड्यात मात्र ट्यूटरने तिचा कागद हातात धरून साधंच विचारलं होतं, ‘‘ही तिसरी ओळ कुठून आली?’’ तिला सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून उत्तर तपासल्याशिवाय उतरवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

आजचा प्रश्न सोपा होता. चार मीटरची दांडी, दोन्ही टोकांना टेकू. डाव्या टोकापासून 1,5 m अंतरावर 1.250 N इतका भार. दोन्ही टेकूंवर किती किती येईल? अॅपने सांगितलं, डावीकडे ०.७८ न्यूटन, उजवीकडे ०.४७.

तिने तपासलं. बेरीज सव्वा, बरोबर. मग डावं टोक धरून मोजलं : सव्वा गुणिले दीड, भागिले चार, उजव्या टेकूवर ०.४७. उजवं टोक धरून मोजलं : सव्वा गुणिले अडीच, भागिले चार, डाव्यावर ०.७८. दोन्हीकडून जुळलं. ती उतरवायला घेणार तेवढ्यात फोन वाजला. नागपुरात साडेपाच झाले होते. बाबा उठले होते.

‘‘काय करून राहिली बेटा अजून?’’

‘‘दांडीचं गणित बाबा. झालंच. तपासून पण झालं.’’

‘‘कसं तपासलं?’’

‘‘तुम्ही तराजू तपासायचे ना, माल आणि वजनं पारड्यांत अदलाबदल करून? तसंच. एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून.’’

बाबा खूश झाले. मग म्हणाले, ‘‘पण पारडी बदलून फक्त दांडी खरी की खोटी ते समजते. किलोचं वजनच पोकळ असलं तर? कितीही वेळा बदल, ते जुळूनच येईल.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘वजन किती ठेवलं तुझ्या दांडीवर?’’

‘‘सव्वा न्यूटन.’’

‘‘मले ते समजत नाही. किलोत सांग.’’

तिने ९.८१ ने भागलं. ‘‘एकशे सत्तावीस ग्रॅम.’’

पलीकडे शांतता. मग बाबा हसायलाच लागले. ‘‘अवं, हे तर एक संत्रं झालं! चार मीटर दांडीवर एक संत्रं ठेवायले इंजिनियर कशाला लागते?’’

ऋतुजाने कागद पुन्हा ओढला. 1,5 m. इथे दशांशाला स्वल्पविराम आहे. मग त्याच हाताने, त्याच ओळीत लिहिलेल्या 1.250 मधलं टिंब दशांशाचं कसं असेल? ते हजाराचं होतं. एक हजार दोनशे पन्नास. संत्रं नाही, सव्वा क्विंटल. डावीकडे ७८१.२५, उजवीकडे ४६८.७५. तिचे सगळे ताळे खरे निघाले होते आणि उत्तर हजारपट चुकलं होतं.

‘‘आहेस का गं?’’

‘‘आहे बाबा.’’

दुसऱ्या प्रश्नाचा फोटो काढण्याआधी तिने कागदावरचा प्रत्येक आकडा आपल्या हाताने वहीत उतरवला आणि त्याच्यासमोर किलोत लिहिलं.

‘‘दूधवाला आला वाटते,’’ बाबा म्हणाले. ‘‘झोप आता.’’

---

नंदिनी_ध

किती गोड! माझे आजोबाही दुकानात असं पारडी बदलून बघायचे, ते का करतात हे मला आज कळलं. पोकळ वजनाचा भाग फारच आवडला.

---

विवेक_मानेवाडा

कथा छान. पण एवढं लांबण कशाला लावायचं? साधा नियम आहे : आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं. डावी बाजू उजवीशी जुळली की विषय संपला. मी दहावीच्या पोरांना हेच सांगतो. अॅप असो की गाइड, फरक पडत नाही.

---

ठेचाभाकर

ताई, माझ्या मुलीलाही पुढच्या वर्षी जर्मनीला पाठवायचं आहे. वसतिगृहात स्वयंपाकघर सामाईकच असतं का? कुकर न्यावा लागतो की तिकडे मिळतो? आणि रात्री एक वाजता मुलगी एकटी स्वयंपाकघरात, हे जरा काळजीचं वाटलं.

---

इतवारीकर

@ठेचाभाकर, कथा आहे हो ती! पण भाचीच्या सांगण्यावरून, तिच्याकडे तरी सामाईकच आहे. कुकर तिने इथूनच नेला, आणि जादा शिट्टी-रिंगही.

@विवेक, नियम बरोबरच आहे, पण ऋतुजाने तेच तर केलं होतं ना? सगळं जुळलं होतं.

---

जुना_मास्तर

विवेकराव, तुमच्या वाक्यात ‘मूळ’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे आणि तुम्ही त्यावरून उडी मारून गेलात. मूळ म्हणजे काय? अॅपच्या पडद्यावर छापून आलेलं समीकरण, की कागदावरचं?

मी अकरावी-बारावीला गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर हिंगण्याच्या एका वर्कशॉपमध्ये मित्राला कागदपत्रांत मदत करायचो. तिथे एकदा जर्मनीहून हाताने लिहिलेले मापांचे कागद आले. त्यांचा हाताने काढलेला 1 आपल्यासारखी उभी रेघ नसतो. त्याला डावीकडून वर चढणारी चांगली लांब रेघ असते, आपल्याला तो सरळ 7 दिसतो. त्यांचा 7 वेगळा, त्याच्या पोटातून आडवी रेघ जाते. आम्ही पहिल्या दिवशी दोन मापं चुकीची वाचली.

आता हे उदाहरण कागद-पेन घेऊन करा. समजा कागदावर आहे

√(x + 1) = x − 5

आणि अॅपने, किंवा तुमच्या डोळ्यांनी, 1 चा 7 वाचला :

√(x + 7) = x − 5

वर्ग करा. x² − 11x + 18 = 0. उत्तरं 9 आणि 2. घालून बघा. 9 घातले की डावीकडे 16 चं वर्गमूळ 4, उजवीकडेही 4. जुळलं. 2 घातले की डावीकडे 3 आणि उजवीकडे −3, म्हणून 2 बाद. वर्ग केल्यामुळे असं एखादं उपरं उत्तर शिरतं, आणि तुमचा नियम त्याला बरोबर पकडतो. तिथे मी तुमच्या बाजूने.

पण खऱ्या समीकरणाचं काय? √(x + 1) चा वर्ग करा, x² − 11x + 24 = 0 येतं, उत्तरं 8 आणि 3, त्यातलं 3 बाद. खरं उत्तर 8. दोन्ही गणितं तितकीच सुबक, दोन्हीकडे एक उपरं उत्तर, दोन्हीकडे ताळा पक्का. पडद्यावरच्या समीकरणात 9 घालून बघणारा पोरगा समाधानाने झोपी जाईल. कागदावरच्यात घातले असते तर डावीकडे 10 चं वर्गमूळ, तीन आणि वर थोडं, उजवीकडे 4. तिथेच पकडला गेला असता.

---

विवेक_मानेवाडा

मान्य. पण सर, कागद बघूनही त्याने 7 च वाचला तर? तुम्हीच म्हणता की डोळ्यांनाही तो 7 दिसतो. मग कागदात घालून काय उपयोग?

---

जुना_मास्तर

बरोबर पकडलंत. मग घालून बघण्याचा काही उपयोग नाही. तेव्हा त्याच कागदावर दुसरा 7 शोधायचा. कुठेतरी प्रश्न क्रमांक 7 असेल, तारखेत 17 असेल. त्याच्या पोटात आडवी रेघ आहे आणि तुमच्याला नाही, तर तुमचा तो 1. आम्ही वर्कशॉपमध्ये हेच केलं. कथेतल्या मुलीनेही हेच केलं, स्वल्पविरामाकडे बघून टिंबाचा अर्थ लावला. लिहिणाऱ्याची सवय त्याच्याच कागदावर सापडते. सोडवण्याचा ताळा निराळा आणि वाचण्याचा ताळा निराळा, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

---

रोहित_पारडी

एवढा व्याप कशाला करता बाप्पा? दोन वेगवेगळ्या अॅपमध्ये टाकायचं. दोघांचं उत्तर एक आलं की डोळे मिटून उतरवा.

---

डॉक्टर_होणार

@रोहित, मी हे करून पाहिलंय आणि फसलेय. मी रशियात एमबीबीएसला आहे, घर प्रतापनगरला. पहिल्या वर्षी भौतिकशास्त्र होतं आणि तिकडे tan ला tg लिहितात. दोन्ही अॅप्सनी tg म्हणजे t गुणिले g समजून उत्तर दिलं. दोघांचं उत्तर शब्दशः एक! मला वाटलं, झालं, पक्कं. नशीब की उत्तरात t शिल्लक दिसत होता आणि प्रश्नात वेळ नावाची गोष्टच नव्हती.

दुसरा त्रास आपल्या वहीचा. मी घरून रेघांच्या वह्या नेल्या होत्या. वजाचं चिन्ह निळ्या रेघेवर बरोबर बसलं की फोटोत ते गायब होतं. आता कच्चं काम कोऱ्या कागदावर करते.

---

रोहित_पारडी

ओके, हे डोक्यात नव्हतं आलं. दोघांना फोटो एकच गेला तर दोघं एकच चूक करणार. एकाच साक्षीदाराला दोनदा विचारल्यासारखं.

---

सावजी_स्पेशल

सगळे तपासण्यावर बोलून राहिले, पण मूळ गोष्ट कोणी बोलत नाही. रात्री फोटो काढून उत्तर उतरवणं ही चोरीच आहे. बापाने एवढं कर्ज काढून पाठवलं ते काय यासाठी? ऋतुजाने चोरी केली आणि शेवटी शाबासकी मिळवली, असं मला वाटलं. आमच्या वेळी हॉस्टेलला एकाची वही दहा जण उतरवायचे हेही खरं आहे म्हणा, पण त्याचं कोणी कथेत कौतुक नाही केलं.

---

इतवारीकर

कौतुक करायचा हेतू नव्हता. ट्यूटरने विचारल्यावर तिला सांगता आलं नाही, ती लाज कथेत आहे. पण तुमचा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही. दोन्ही टोकांकडून स्वतः मोजल्यावर ते गणित तिचं झालं की अजून अॅपचंच, हे मलाही नक्की ठरवता आलं नाही. म्हणून तिला सोमवारी वर्गात नेलंच नाही.

---

सावजी_स्पेशल

दोन्हीकडून मोजता येत होतं तर फोटो काढलाच कशाला? दोन ओळींचं तर गणित आहे.

---

नंदिनी_ध

रात्री एक वाजता, कँटीनमध्ये चार तास ताटं उचलून आल्यावर, दोन ओळीही डोंगर वाटतात हो सावजी. मी नोकरी करून बीएड केलंय.

---

पूलवाला

मी स्ट्रक्चरल इंजिनियर, काही वर्षं जर्मनीत काढून आता परत धरमपेठेत. कथेला एक बारीक हरकत आणि एक मोठी भर.

हरकत : तांत्रिक लिखाणात तिकडे हजारासाठी टिंब सहसा देत नाहीत. थोडी मोकळी जागा सोडतात, किंवा सरळ 1,25 kN लिहितात. टिंब असतं ते दुकानातल्या पाटीवर, बिलावर. छापील गृहपाठात 1.250 N दिसणं जरा अवघड वाटलं.

भर : तुमची मुलगी नशीबवान, तिला दोनच टेकू मिळाले. तिसरा आला की तिचे सगळे ताळे कुचकामी. आठ मीटरची एकसंध दांडी घ्या, दोन टोकांना आणि बरोबर मध्ये असे तीन टेकू. सगळीकडे सारखा भार, मीटरमागे १००० न्यूटन. एकूण ८०००. फोटो नीट वाचला गेला नाही, किंवा चित्रात मधल्या टेकूवर सांधा आहे असं समजलं गेलं, तर चार-चार मीटरच्या दोन सुट्या दांड्या धरून उत्तर येतं : २०००, ४०००, २०००. बेरीज ८०००. कुठल्याही टोकाकडून मोजा, जुळतं. किती निर्मळ दिसतं! पण दांडी एकसंध असेल तर खरं उत्तर १५००, ५०००, १५००. याचीही बेरीज ८०००, हेही दोन्हीकडून जुळतं. मधल्या खांबावर हजार न्यूटन जास्त येतात आणि बेरजेला त्याचा पत्ताच लागत नाही.

---

इतवारीकर

हरकत मंजूर. माझ्या डोक्यात हाताने लिहिलेला कागद होता, एका म्हाताऱ्या शिक्षकाचा. ‘त्याच हाताने’ असं लिहिलंय, पण सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवं होतं.

पण तीन टेकूंचं वाचून मी चक्रावले. दोन्ही उत्तरं बेरजेला आणि दोन्ही टोकांना जुळतात, तर मग ऋतुजाने रात्री एक वाजता ओळखायचं कसं?

---

पूलवाला

तराजू इथे थकतो. दांडी वाकते किती, तिकडे जावं लागतं. मनातल्या मनात मधला टेकू काढून टाका. आठ मीटरची दांडी भाराने मध्ये झोल खाईल. आता मध्ये खालून इतकं उचला की तो झोल नेमका शून्य होईल. पुस्तकात दोन सूत्रं असतात, सारख्या भाराचा झोल 5wL⁴/384EI आणि मध्ये एका जागी लावलेल्या बळाचा PL³/48EI. w म्हणजे मीटरमागचा भार, P म्हणजे मधलं बळ, L लांबी आणि EI म्हणजे दांडीचा ताठरपणा. दोन्ही सारखी ठेवली की दांडी लाकडाची की लोखंडाची हे उडून जातं आणि उरतं P = 5wL/8. एकूण भाराचे पाच अष्टमांश, ८००० चे ५०००. तीन ओळींत होतं. मात्र L इथे आठ धरायचा, चार नाही. पोरं तिथे हमखास अडखळतात.

सूत्रं आठवत नसतील तरी एक अंदाज बांधता येतो. एकसंध दांडी मधल्या खांबावर ओणवी होते, त्यामुळे तिची टोकं थोडी हलकी होतात. म्हणून मधला आकडा सुट्या दांड्यांपेक्षा मोठाच यायला हवा. ४००० दिसला की शंका घ्यायची.

---

जुना_मास्तर

वा! पण पूलवाले, तुमच्या ताळ्यातही एक गृहीत आहे. तिन्ही टेकू एका पातळीत आहेत आणि भाराने दबत नाहीत. मधला खांब दोन मिलिमीटर जरी खचला तरी तुमचे ५००० राहणार नाहीत.

---

पूलवाला

नाही राहणार. आणि किती कमी होतील हे मग लाकूड की लोखंड यावर ठरेल. गृहपाठात खांब खचत नाहीत, साइटवर खचतात. तिथे कागद तपासून भागत नाही, पातळी मोजायला माणूस पाठवावा लागतो.

---

डॉक्टर_होणार

मला यातलं अर्धंच कळलं, पण ‘दांडी ओणवी होते’ हे डोळ्यांसमोर आलं. ताई, ऋतुजाचा दुसरा प्रश्न कुठला होता? तिने त्याचाही फोटो काढला ना?

---

इतवारीकर

ठरवलं नव्हतं. आता वाटतंय, तीन टेकूंचाच असावा. पण मग बाबांचा तराजू तिथे उपयोगाचा नाही, आणि फोन तर मी ठेवूनही टाकला. बघते, जमलं तर दुसरा भाग लिहीन. @पूलवाला, आकडे तुमच्याकडून तपासून घेईन.

---

ठेचाभाकर

दुसऱ्या भागात कुकरचाही उल्लेख करा ताई. आणि ते शिट्टी-रिंगचं बरं झालं सांगितलंत, आजच बर्डीवरून दोन आणल्या.